दारावरची अमेरिकन बेल

आई दुपारी घरातून निघून गेली, तेव्हा तिच्या पायांत घरातल्याच चपला होत्या आणि हातात रिकामा स्टीलचा डबा. मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली आमच्या सोसायटीच्या गार्डला ती सापडली. कुठे चाललात विचारलं, तर म्हणाली, घरी. आम्ही दिल्लीच्या द्वारकेत राहतो, दुसरं घर आम्हाला नाही. माझं ऑफिस मंडी हाउसजवळ, ब्लू लाइनने पाऊण तास. घरकाम करणारी बाई अकरा ते दोन असते. बाकी वेळ, मी घरी येईपर्यंत, आई एकटी.

“बाहेरून कुलूप लावून जा,” असं शेजारच्यांनी सुचवलं. एक दिवस लावलंसुद्धा. संध्याकाळी आले तर ती आतून दार ठोकत होती आणि हाताची बोटं लाल झाली होती. मग कुलूप लावणं बंद केलं. वैतागून अमेरिकेतल्या भावाला फोन केला, तर साहेब म्हणाले, “ताई, टेन्शन घेऊ नकोस, बेल पाठवतो. कॅमेरावाली. आई दारात आली की तुझ्या मोबाईलवर दिसेल, तू बोलूही शकशील.” आला बाबा कैवारी! पण खरं सांगते, त्या रात्री मला बरं वाटलं होतं.

खोक्यात बेल होती आणि घरात भिंतीवर लावायचा टिंगटाँग डबा. भाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “दोनच तर वायरी आहेत. जुनं बटण काढ, त्याच दोन वायरी हिला जोड.” शनिवारी इलेक्ट्रिशियन आला. पन्नाशीचा, चष्म्याला दोरी बांधलेला, घाई नसलेला माणूस. त्याने बेलच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचलं, मेन स्विच खाली केला आणि म्हणाला, “मैडम, ये सोलह से चौबीस वोल्ट माँगती है. आपके बटन में सीधा दो सौ तीस आता है. जोड़ दूँ तो धुआँ निकलेगा.” पंधरा वर्षं तिकडे राहून आमचा शहाणा आपल्या घरची वीज विसरला होता. तिकडे म्हणे घरोघरी बेलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो.

सोळाचा मिळाला नाही, म्हणून तो बाजारातून बारा व्होल्टचा, एक अँपियरचा ट्रान्सफॉर्मर घेऊन आला. बेलमध्ये निळा दिवा लागला, फिरला, विझला. परत लागला, परत विझला. त्याने मीटरच्या दोन सुया लावून मला आकडा दाखवला. बेल सोडवलेली असताना तेरा, जोडली की नऊ. “खाली में सब पहलवान होते हैं, लोड पे पता चलता है,” तो म्हणाला. म्हणजे ओझं नसताना सगळेच पैलवान. दुसऱ्या दिवशी त्याने मोठा आणला, नऊ-शून्य-नऊ म्हणतात तसा, दोन अँपियरचा. मधली वायर टेप लावून बाजूला ठेवली आणि टोकाच्या दोन घेतल्या, म्हणजे अठरा. बेल जोडूनही मीटरवर अठराच राहिले. मोबाईलमध्ये आमचा जिना दिसला, समोरच्यांची चप्पल दिसली. आईने त्याला दोनदा चहा विचारला. तिला वाटत होतं, तो मला बघायला आलेला मुलगा आहे. मी बावन्न वर्षांची आहे.

एकच खोट राहिली. भिंतीवरचा डबा भुणभुणत होता. कोणी बटण दाबलेलं नसताना, सारखा, डास कानाशी यावा तसा. इलेक्ट्रिशियनने समजावलं की ट्रान्सफॉर्मर, डबा आणि बेल एकाच माळेत आहेत. कॅमेरा चोवीस तास जागा असतो, त्याला लागणारा करंट डब्याच्या कॉइलमधून जातो, म्हणून आतली दांडी थरथरते. मी म्हटलं, थरथरू दे. मला कुठे सबंध दिवस घरी बसायचंय! हीच माझी चूक.

सोमवारी दुपारी फोन वाजला: दारात हालचाल. आई. दार उघडून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आत गेली. दहा मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा. तिला त्या भुणभुणीत बेल ऐकू येत होती, यार! दिवसभर कोणीतरी तिच्या दारात उभं होतं. अकराव्यांदा ती “अहो, कोण आहे?” म्हणत लिफ्टपर्यंत गेली आणि चित्रातून बाहेर पडली. मी मीटिंगमधून उठून गार्डला फोन केला. तो वर पोचला तेव्हा ती तिसऱ्या मजल्यावर एकेका दाराला कान लावत होती. तिला घरात ठेवण्यासाठी आणलेली वस्तू तिला बाहेर काढत होती आणि ती वस्तू मीच लावली होती.

भावावर मी मनसोक्त ओरडले. तो चाचरत म्हणाला, “डब्यावर लावायचं एक छोटं मॉड्यूल असतं, त्याने आवाज थांबतो. ते बहुतेक पॅकिंग समजून मी इथेच टाकलं.” बहुतेक! इलेक्ट्रिशियनने दोन बाजार पालथे घातले, मिळालं नाही. शेवटी बेलसोबतचा कागद त्याने नीट वाचला. डबा न लावता थेट जोडायची सोय होती. त्याने डबा माळेतून काढला, तिथल्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या आणि मी ॲपमध्ये ‘डबा नाही’ असं निवडलं. भुणभुण गेली. आता बटण दाबलं तर घरात काहीच वाजणार नव्हतं, फक्त माझ्या मोबाईलमध्ये वाजणार होतं. बाईकडे किल्ली होतीच. बिल्कुल ठीक, मी म्हटलं.

पाच दिवस आई एकदाही दारात आली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, थोडी लाजही वाटली.

सहाव्या दिवशी साडेतीनला फोन वाजला. हालचालीचा मघाशी माझ्या लक्षातच आला नव्हता; हा बटणाचा आवाज. उघडून बघितलं तर आई दाराच्या बाहेर उभी. अंगावर बाहेर जायची साडी, खांद्यावर पिशवी, आणि मागे लॅच लागलेलं. घरात कोणी नव्हतं. बटण दाबून ती शहाण्यासारखी वाट बघत होती.

गार्डला फोन लावला, तो म्हणाला, येतो. शेजारच्यांचा फोन उचलला जाईना. आईने पुन्हा बटण दाबलं. माझ्या टेबलावर, फायलींच्या मधोमध, ते वाजलं. सेक्शनमधल्या सगळ्यांनी मान वर केली. मला रडू फुटत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. मी पहिल्यांदाच ते माइकचं बटण दाबलं.

“आई,” मी म्हटलं, “कुठे निघालीस?”

ती कॅमेऱ्याजवळ आली. चेहरा एवढा मोठा झाला की डोळे आणि चष्मा यांशिवाय काही दिसेना.

“अहो, माझी मुलगी राहते ना इथे?” ती म्हणाली. “केव्हाची बेल वाजवतेय, दार उघडत नाही. जरा तिला सांगता का, आई आलीय म्हणून?”

“सांगते,” मी म्हटलं. “तुम्ही तिथेच थांबा हं. कुठे जाऊ नका.”