अंगाईत ‘ट’ नको

भोसरीच्या मामींचा आवाज इतका मोठा, की त्या कुणाशी भांडताहेत असंच वाटे. त्याच आवाजात पाळणाघरातली दहा पोरं गाढ झोपत. बालवाडीतून निवृत्त झालेल्या मामी ताठ मानेनं सांगत, “माज्याकडं निजलं न्हाई असं पोर अजून जन्मायचंय.” खोटं नव्हतं ते.

मी चाकणच्या कंपनीत इंजिनिअर. माझी अस्मी मामींकडे निजे आणि घरी माझ्या मांडीवर किंचाळे. मला मामींचा चक्क मत्सर वाटायचा. आई मी, आणि झोप दुसरीच्या मांडीवर! शेवटी जिद्दीनं स्वतः अंगाई रचली आणि मामींना ऐकवली:

मीट चटकन डोळे, छकुटे,
खिडकीत पेटले दिवे धाकटे.

“अर्थ बेस हाय,” मामी म्हणाल्या, “पन ही अंगाई हाय का दारावरची थाप? ‘ट’ म्हन बरं.”

म्हटलं. जीभ टाळूला अडली, हवा कोंडली आणि फटकन सुटली. दोन ओळींत तसे किती तरी धक्के! मग त्यांनी ‘म’ लांबवायला लावला. ओठ मिटलेले, तरी आवाज नाकातून वाहतच राहिला. “आता ‘आ’ कर. तोंड उघडं, अडवनारं कुनी न्हाई, पायजे तितका वेळ रेंगाळ. व्यंजन परत परत आलं की त्याचा सोभाव गान्याला लागतो, स्वर आला की त्याचा. आन नुसतं शब्दाच्या तोंडाशी ऐकू नको, पोटात आन शेपटाला बी ऐक.”

“म्हणजे ट वाईट?”

“वाईट कशानं? सकाळी पोर उठवायला त्यालाच बोलव. पन नुसत्या अक्षरानं बी भागत न्हाई. अर्थ आन चाल संगं पायजे.”

बसमधून जाता-येता मी ओठ हलवत राहिले. लोक बघत, बघू देत. आठवड्याभरात दोन ओळी झाल्या:

मंद मंद वारा, मऊ माझा हात,
निजलं रान सारं, निजली रात.

मामींनी डोळे मिटून ऐकलं. “वारा, माझा, हात, रान, सारं, रात, समदीकडं ‘आ’ पसरलाय. म अन् न पाठीवरनं हात फिरवत्यात. जा, म्हन पोरीला.”

त्या संध्याकाळी अस्मी माझ्या मांडीवर झोपली. मी हलले नाही, पाय बधिर झाला तरी.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि मामींनी पाळणाघर बंद करायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मी जिना चढत होते, तेव्हा वरून त्यांचा तो मोठा आवाज ऐकू आला. कुणाच्या तरी बाळाला त्या माझ्या ओळी म्हणत होत्या. बाळाच्या आईनं विचारलं, “कुणाचं हो गाणं?”

“आमच्या अस्मीच्या आईचं,” मामी म्हणाल्या. “तिनं बांधलंय. मी निस्तं म्हनते.”