बसच्या खिडकीतून दिसणारी पाटी

माझ्या थोरल्या नणंदेला उजेडाची फार हौस होती. तिच्या घरात कुणी फिरत नसलेल्या खोलीतही दिवा जळायचा. त्यामुळे तिने बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडसमोर भोजनालय काढायचं ठरवलं तेव्हा भाजीचा मसाला, पोळ्यांची बाई, टेबलं या सगळ्याच्या आधी तिने पाटीची गोष्ट काढली.

"बोर्ड असा चमकला पाहिजे," ती माझ्या नवऱ्याला म्हणाली, "की माणूस बसमधून उतरला की त्याचं ध्यान सीधं माझ्याकडेच."

पाट्या हाच आमचा धंदा. नवऱ्याने ब्रश सोडून आतून दिवे लावलेल्या पेट्या बनवायला घेतल्या, ती बाजार खुला झाल्यानंतरची वर्षं होती. सिंधीपुऱ्यात, लोधीपुऱ्यात जो तो दुकानदार ग्लोसाइन मागत होता. अक्षरं मांडायचं आणि व्हिनाइलच्या चिकट कागदावर कापायचं काम माझं. पेटी, ट्यूबलाइट आणि शिडी नवऱ्याकडे.

या नणंदेच्या यजमानांचे यंत्रमाग बंद पडले होते आणि ते स्वतः अंथरुणाला खिळले होते. मुलगी सासरी. भोजनालय चाललं नाही तर दोघांनी जावयाच्या दारात जाऊन राहायचं, असं तिच्या दिरांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. ताईला हे मरणाहून वाईट वाटे. "लेकीच्या घरी दोन दिवस गोड लागतात," ती म्हणायची, "तिसऱ्या दिवशी आपली थाळी आपल्यालाच जड होते."

म्हणून आम्ही तिने सांगितलं तसंच केलं. दुधी पांढरी ॲक्रिलिकची शीट, त्यावर लालभडक, जाडजूड 'गृहिणी भोजनालय'. अक्षरं मोठी हवीत म्हणून एकमेकांना खेटून. ट्यूबा जितक्या मावतील तितक्या. मी म्हटलं, "ताई, थोडी मोकळी जागा सोडू या." तर म्हणाली, "जागा कसली सोडते गं? जागेत काय मी भाडेकरू ठेवू?" नवरा हसला आणि कामाला लागला. धाकट्या भावाची थोरल्या बहिणीपुढे मान वर होत नाही, हे मी लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकले होते.

उद्घाटनाच्या संध्याकाळी नारळ फोडून पाटीचे दिवे लावले. आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडे ओळीने उभे. जावई, शेजारी, पोळ्यांची बाई, सगळे. डोळे दिपले. सगळ्यांनी पाटी मोठ्याने वाचली आणि टाळ्या वाजवल्या. आपला तो बाब्या! तिथल्या एकूण एक माणसाला दुकानाचं नाव आधीच पाठ होतं, आणि पाठ असलेलं माणूस अंधारातही वाचतो, हे पाट्या विकून पोट भरणाऱ्या आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

दुपारी भोजनालय भरायचं. रात्री, म्हणजे दिवेलागणीनंतर जळगावकडच्या आणि खंडव्याकडच्या गाड्या लागायच्या तेव्हा, माणसं उतरायची आणि पुढे कोपऱ्यावरच्या पोहे-समोश्याच्या गाडीकडे जायची. ताईची रात्रीची डाळ उरायची. तिने आधी मीठ वाढवलं, मग तिखट कमी केलं, मग पोळ्यांच्या बाईशी भांडली. शेवटी एके दिवशी आमच्याकडे येऊन ओट्याला टेकून रडली. "माझ्या हाताची चव गेली गं." मला तिचा इतका राग यायचा एरवी, पण त्या दिवशी मी तिला जवळ घेतलं.

त्याच आठवड्यात मी चांदनी गावाला मावशीकडे गेले होते, तिथून संध्याकाळी बसने परत आले. शेजारी भुसावळकडची एक बाई, मांडीवर लहान मूल. बस स्टँडात वळली, समोर ताईची पाटी उजळलेली. बाई तिकडेच बघत मला म्हणाली, "बहनजी, वो सामने दवाखाना है क्या? बच्चे को कुछ खिलाना था, यहाँ खाना कहाँ मिलेगा?"

भोजनालयाकडे बघत ती मला भोजनालय विचारत होती!

मग मी नीट बघितलं. नाव विसरून बघायचं ठरवलं, डोळे किलकिले केले. पांढरी पेटी भगभगत होती, मागच्या ट्यूबांचे पट्टे दिसत होते, आणि मध्ये लालसर चिखल. पांढऱ्या उजेडाने अक्षरांच्या कडा खाल्ल्या होत्या. वेलांट्या शेजारच्या अक्षरात शिरल्या होत्या. आसपासचे दिवे मिणमिणते असल्याने तर ती आणखीनच डोळ्यांत खुपत होती. लाल-पांढरं म्हणून दवाखाना वाटला, यात त्या बाईचं काहीच चुकलं नव्हतं. मी तिला हाताला धरून भोजनालयात नेऊन बसवलं आणि तशीच घरी येऊन नवऱ्यावर बरसले.

"तुमच्या बहिणीच्या डाळीत खोट नाही. खोट आपल्या पेटीत आहे."

नवऱ्याने स्वतः जाऊन बघितलं आणि परत येऊन जुनी पेटी उतरवली. आता उलटं करायचं ठरलं. पाटी गडद मरून रंगाची, उजेड फक्त अक्षरांतून. पेटी खोल केली, ट्यूबा कमी केल्या आणि पुढच्या शीटपासून लांब नेल्या, म्हणजे पट्टे दिसणार नाहीत. पण पहिल्या खेपेला अक्षरं मी जुन्याच जाडीची कापली, आणि रात्री ती पुरीसारखी फुगली. काळोखातलं उजळ अक्षर आपल्या अंगाबाहेर पसरतं. 'लय' एकच गोळा झाला. पुन्हा कापली, बारीक, आणि दोन अक्षरांत चांगली बोटभर जास्त जागा ठेवून.

ताईला ही पाटी मुळीच आवडली नाही. "ही काय रोशनी झाली? दुकानात सुतक आहे का?"

"ताई, तुम्ही बघू नका," मी म्हटलं, "मीही बघत नाही. आपल्याला दोघींना नाव माहीत आहे. ज्याला माहीत नाही त्याला विचारू."

म्हणून आम्ही तिघं स्टँडाच्या फाटकाशी उभे राहिलो. ताई कमरेवर हात ठेवून, आमची फजिती बघायला आल्यासारखी. खंडव्याची गाडी आली. उतरणाऱ्यांत एक म्हातारे गृहस्थ होते, हातात पिशवी, मागे सून आणि दोन नाती. नवऱ्याने विचारलं, "दादाजी, वो सामने क्या लिखा है?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "गृहिणी भोजनालय," ते म्हणाले. मग सुनेकडे वळून, "चलो बेटा, घर का खाना मिल जाएगा." आणि आम्हाला, "अभी चालू है ना जी?"

मी ताईकडे बघितलं, म्हटलं आता तरी कबूल करेल. पण ताई जागेवर नव्हतीच. रस्ता ओलांडून, पदर खोचत, ती त्यांच्या आधी दाराशी पोहोचली होती आणि आत ओरडत होती, "तवा ठेव गं! चार थाळ्या!"

नवरा म्हणाला, "अजून दोघा-चौघांना विचारू. एकावरून काही ठरत नाही."

"तुम्ही विचारा," मी म्हटलं, "मी पोळ्या लाटायला चालले."