गिरणीखालचा कमरभर मुरूम

बेसा गावात आमचा प्लॉट म्हणजे निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात इतक्या भेगा पडायच्या की हातातली किल्ली पडली तर गेलीच समजा. तिथे मी पिठाची गिरणी टाकायला निघाले. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. यजमानांची कापडाच्या दुकानातली नोकरी सुटली होती, त्यामुळे गिरणी चालली तरच चूल पेटणार होती.

ठेकेदार शहरातला, गांधीबागेकडचा. बोटात अंगठ्या, तोंडात पान, आणि दर वाक्यात कन्हान नदीची वाळू. आपल्याकडे हा एक रोगच आहे हो. कन्हानची वाळू म्हटलं की लोक हात जोडतात. पायात ती, गिलाव्यात ती, फरशीखालीही तीच. मी विचारलं, "इथली माती फुगते, मग खाली वाळू काहून?" तर म्हणाला, "वहिनी, कन्हानची वाळू हाय ते! तुमचं पीठ दळून होईन, पण फरशी हालणार नाई."

वीतभर वाळू पसरली, वर शहाबादी बसवली. मधोमध जात्याचा सिमेंटचा जड ओटा, मोटर बाजूला फरशीवर. पावसाळा लागला तशी फरशी उठायला लागली. ओटा जड, तो जागीच बसून राहिला. फरशी हलकी, ती मोटरीला घेऊन वर गेली. जातं आणि मोटर एका ओळीत राहिली नाहीत तर पट्टा टिकेल कसा? तो सटकून यजमानांच्या कानाजवळून गेला. बायका दळणाचे डबे उचलून दुसऱ्या गिरणीत गेल्या.

ठेकेदाराला बोलावलं. त्याने उठलेल्या फरशीवर पाय आपटून पाहिला, जसा काही बैल विकत घेतोय. म्हणाला, "वाळू कमी पडली. आणखी एक ट्रक टाकू."

"टाका ना," मी म्हटलं, "पण तुमच्या डोक्यावर टाका."

माझा भाचा इंजिनिअरिंग कॉलेजातल्या माती तपासायच्या खोलीत कामाला होता. तो पोतंभर काळी माती घेऊन गेला, आणि त्याने मलाही पाहायला नेलं. पितळी कड्यात माती दाबलेली, खालून-वरून पाणी. माती फुगू लागली की वरून वजन वाढवायचं, म्हणजे ती जागची हलू नये. किती वजनाला ती गप्प बसते, तेवढा तिचा जोर.

"मावशी, या जोरावरच वरचा थर किती जाड ते ठरते," तो म्हणाला. "वाळूचे दाणे एकमेकाले धरत नाई, आणि पाणी सरळ खाली जाऊ देते. इथं चिकटून राहणारा पण न फुगणारा मुरूम पायजे. तुमच्या मातीले मीटरभर लागन. तिथंवर जसा थर वाढवाल तसं फुगणं झपाट्यानं कमी होते. त्याच्यापुढं टाकला तर फायदा थोडकाच."

मुरूमही त्याने तपासला. एक गाडी परतच पाठवली, त्यात चिकणमाती जास्त होती, तीही फुगणारी.

ठेकेदार मीटरभर ऐकून हसला. "विहीर खोदून राहिले काय बाई?" त्याचा हिशेब काय, तर भिंत जितकी जाड तितका मुरूम. कुठून आला हा हिशेब? त्याच्या वडिलांकडून. वडिलांना कुठून? देव जाणे. भिंतीचा आणि मातीच्या जोराचा संबंध काय, हे तिघांपैकी एकालाही सांगता आलं नसतं, देव धरून.

मी यजमानांना म्हटलं, "आता पैसा गेला तर जाऊ द्या, पण गिरणी पुन्हा बंद पडली तर खाऊ काय?" ते उठून मोटरीचे बोल्ट सोडवायला लागले, म्हणजे होकार.

त्याच ठेकेदाराला लावून खोली पाडली. भिंतींच्या पायाखालची आणि बाहेरही हातभर अंतरापर्यंतची माती मीटरभर खोल काढली. माप पाहायला मी स्वतः खड्ड्यात उतरले. मीटर म्हणजे माझी कंबर, बस्स. थोडा थोडा थर टाकायचा, बेताचं पाणी शिंपडायचं, धुम्मसाने ठोकायचं, मगच पुढचा. मांडीपर्यंत भरलं की ठेकेदार ओरडायचा, "झालं वहिनी, या वर!" मी म्हणायचे, "माझी कंबर मांडीत आहे काय?"

दोन पावसाळे झाले, पट्टा सरळ चालला. मोटर जागची हलली नाही. बायका परत आल्या, वर मलाच सुनावून, "कुठं गेली होतीस वं इतके दिवस?"

एका दुपारी ठेकेदार स्वतः गव्हाचा डबा घेऊन आला. त्याच्या घरच्या पुढच्या दालनाची फरशी वर उठली होती, हे मला त्याच्या शेजारणीने आधीच सांगितलं होतं. गहू जात्यात पडत होता आणि हा वाकून वाकून माझ्या फरशीत भेग शोधत होता. कोपरे पाहिले, मोटरीखाली पाहिलं.

"शोधा, शोधा," मी म्हटलं. "सापडली तर दळण फुकट."

त्याने पूर्ण पैसे देऊन डबा उचलला. आणि हळूच विचारलं, "तुमचा भाचा माती पायते, तो कोणत्या दिवशी असते वहिनी तिथं?"