आय-सेव्हनचं वय

इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि वडील, म्हणजे आप्पा, मला घेऊन पाथर्डीहून नगरला लॅपटॉप घ्यायला आले. दुकानदार त्यांच्या ओळखीचा, त्यामुळे माझं तोंड आधीच बंद. त्याने एकाच किमतीचे दोन लॅपटॉप पुढे मांडले. एक नामांकित कंपनीचा, पण सेकंडहँड, वर आय-सेव्हनचा चकचकीत स्टिकर. दुसरा कोरा, आय-थ्रीचा, त्या कंपनीचं नाव आप्पांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

"सातापुढं तीन काय टिकनार?" म्हणत आप्पांनी खिशात हात घातला.

कुणाला न विचारता मी पहिल्या लॅपटॉपची सेटिंग उघडली. आय-सेव्हनच्या पुढचा आकडा पुन्हा सातनेच सुरू होत होता, म्हणजे प्रोसेसर सातव्या पिढीचा. आय-थ्री होता बाराव्या पिढीचा.

"आप्पा, हा फार जुना आहे. नवं विंडोज यावर चालत नाही."

"पोरीला काय कळतंय?" दुकानदार हसला. "मशीन दणकट हाय."

आप्पांचा चेहरा उतरला. ओळखीच्या माणसासमोर मी त्यांना तोंडघशी पाडलं, असं मला वाटलं.

"वय किती म्हनायचं याचं?" त्यांनी मला विचारलं.

"आठ-नऊ वर्षं तरी."

त्यांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि दुकानदाराकडे वळले.

"बाजारात बैलाचे दात बघतो आमी. तुमी मला नुसती रंगवलेली शिंगं दावली. तो तीनवाला द्या."