स्कॅनरमधली वाट

रायपूरच्या गोदामात शिफ्ट सुरू झाली की मी स्कॅनरवर शेजारशेजारच्या गल्ल्यांच्या दोन बॅच माझ्या नावावर घ्यायची. मग कोणता माल आधी उचलायचा, ते स्कॅनर चालायच्या वाटेनुसार लावून द्यायचा. त्या दिवशी त्यानं वाट मधल्या बोळातून काढली, अन् बोळात तर पॅलेट रचून ठेवलेले. घेतलेली बॅच फक्त सुपरवायझरलेच सोडवता येते. त्याले म्हटलं, "भैया, रस्ता बंद आहे ना!"

"दीदी, सिस्टम में तो खुला है."

फटीतून पलीकडचा रॅक दिसून राहिला होता, पण हात पुरत नव्हता. चरफडत अख्ख्या गोदामाले वळसा घालून, धापा टाकत तिथं पोहोचले अन् पहिला डबा स्कॅन केला. स्कॅनर म्हणे, इतका वेळ मी बसूनच होते.