बॉक्स नंबरला आलेलं पत्र

मंगल, मला अमळनेर स्टेशनवर सोडायला तू आली नव्हतीस. दहावीचा पेपर होता तुझा. त्यामुळे आईने त्या दिवशी काय केलं ते तुला माहीत नाही, आणि नंतर मीही कधी सांगितलं नाही.

सुरतेची पॅसेंजर उशिरा आली. दादा तिकीट काढून पानटपरीशी उभा राहिला. तो आमच्याकडे बघत नव्हता. घटस्फोट होऊन दीड वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून त्याने माझ्याकडे सरळ बघणं सोडलंच होतं. गाडीचा धूर दिसला तशी आईने कनवटीची पुडी काढली, त्यातली काळी पोत माझ्या गळ्यात घातली आणि पदर सारखा केला. म्हणाली, "कोनी इचारं ते सांगजो, नवरा मुंबईले शे." नव्या गावात एकटी बाई म्हणून उतरणं काय असतं, हे आईला माझ्याआधी कळलं होतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. सुरतेत गोडादऱ्यात आपल्याच भागातल्या एका कुटुंबाकडे खोली मिळाली. मराठी-इंग्रजी टायपिंग येत होतं, म्हणून पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये ऑफिसात नोकरी लागली. सकाळी मिलची बस यायची. हायवेवरून जाताना दोन्ही बाजूंच्या नाल्यांत कधी जांभळं, कधी लाल पाणी दिसायचं. पहिले काही महिने मला त्याचं अप्रूप वाटायचं. शेजारच्या टेबलावरची हंसाबेन विचारायची, "सुनंदाबेन, तुम्हारे वो मुंबई से कब आनेवाले?" मी म्हणायची, "दिवाळी को." तीन दिवाळ्या गेल्या.

खोटं बोलण्याचा एक त्रास असा की त्याच्या मागून कुणाशी जवळीक करता येत नाही. कुणी घरी बोलावलं तर मी टाळायची. रविवारी खोलीत बसून जुनं वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून वाचायची. तसंच वाचता वाचता एका रविवारी वधू-वर जाहिरातींच्या पानावर थांबले.

जाहिरात द्यायला स्टेशनजवळच्या एजंटाकडे गेले. नाव-पत्ता छापायचा नसेल तर बॉक्स नंबर मिळतो, असं त्याने समजावलं. उत्तरं पेपरच्या कचेरीत येणार, तिथून ती एका पाकिटात घालून मला पाठवणार. जाहिरात कुणाची ते लिहिणाऱ्याला कळणार नाही. मला मात्र त्याचं नाव, गाव, फोटो सगळं कळणार. एजंट म्हणाला, "बाईमाणसाला हेच सेफ." मी मजकूर लिहून दिला: घटस्फोटित, वय तीस, नोकरी करणारी, अपत्य नाही, सुरत व परिसर, विधुर चालेल, जातीची अट नाही.

तीन आठवड्यांनी जाड तपकिरी पाकीट आलं. घरमालकिणीला सांगितलं, परीक्षेचे फॉर्म आहेत. आत अकरा पत्रं होती. एकाने फक्त पत्रिका पाठवली होती, एकाने माझा पगार विचारला होता. एक गृहस्थ पंचावन्न वर्षांचे होते आणि त्यांना गुडघ्यांची सेवा करणारी हवी होती. आठवं पत्र उघडलं आणि तिथेच थांबले. ते अक्षर मी रोज बघत होते. लॅबमधून रंगांच्या शेडची यादी टाइपला यायची, ती याच अक्षरात असायची. पाचचा आकडा असा वेलांटी देऊन दुसरं कुणीच काढत नव्हतं. खाली नाव होतं, विनायक इंगळे.

इंगळे अकोल्याकडचे. लॅबमध्ये कापडाची शेड नमुन्याशी जुळवण्याचं काम करायचे. माझ्या टेबलाशी कधी रेंगाळायचे नाहीत. कागद ठेवून "मॅडम, घाई नाही" एवढंच म्हणायचे. त्या पत्रात मात्र ते चार पानं बोलले होते. बायको कावीळ होऊन गेली, मुलगी सहा वर्षांची, ती गावी आजीकडे. आणि शेवटी लिहिलं होतं: "एक गोष्ट आधीच सांगतो. माझा डावा डोळा अधू होत चालला आहे. मिलमध्ये कुणाला माहीत नाही. कळलं तर लॅबचं काम जाईल. लपवून लग्न करणं मला जमणार नाही."

एका अनोळखी बाईला त्यांनी खरं सांगितलं होतं, आणि ती अनोळखी बाई त्यांच्यापासून चाळीस पावलांवर बसत होती.

मंगल, मी ते पत्र लगेच बाजूला ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही. तीन आठवडे मी त्यांना बघत राहिले. नमुना हातात घेऊन ते खिडकीशी जायचे, मान किंचित डावीकडे वळवायचे. पूर्वी ती मला लकब वाटायची. ते कॅन्टीनमध्ये एकटे जेवायचे, ते आवडायला लागलं. दिवसभर माझ्या छातीत काहीतरी उबदार असायचं, आणि संध्याकाळी बसमध्ये लाज वाटायची. त्यांना ठाऊक नसताना त्यांच्या घरात शिरून बसल्यासारखं होतं ते.

काय काय करता येईल याचा विचार केला. उत्तरच दिलं नाही, तर कुणी विचारणार नव्हतं. जाहिरात देणाऱ्यावर तसं बंधन नसतंच. पण मग रोज त्यांच्या डोळ्याबद्दल मला माहीत असणार आणि त्यांना ते माहीत नसणार. दुसऱ्या नावाने नकार पाठवता आला असता, पण ते आणखी एक खोटं. मिलमध्ये बोलायची सोय नव्हती. फोनही ऑपरेटरच्या कानावरून जायचा. शेवटी त्यांच्या उधन्याच्या खोलीच्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र टाकलं. ते मला अजून पाठ आहे.

"आपलं पत्र मिळालं. जाहिरात माझी आहे. मी सुनंदा पाटील, ऑफिसात टाइपिंग करते ती. आपलं पत्र व फोटो परत पाठवत आहे, नक्कल ठेवलेली नाही. मला हे तीन आठवड्यांपूर्वी कळलं, लगेच कळवलं नाही, ही माझी चूक. बोलायचं नसेल तर काहीच कळवू नका, मी नेहमीसारखीच वागेन. बोलायचं असेल तर पुढच्या रविवारी अकरा वाजता बारडोली बसस्टँडवर मी असेन. तिथे आपल्या मिलचं कुणी राहत नाही."

ते आले. इस्त्रीचा शर्ट होता आणि चेहरा पडलेला. साखर कारखान्याचा गोडसर, आंबूस वास गावभर होता. स्टँडबाहेरच्या हॉटेलात आम्ही समोरासमोर बसलो. बराच वेळ त्यांची नजर माझ्या गळ्यावर होती.

"मग हे काहून?" त्यांनी विचारलं.

मी आईचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बरोबर केलं तुमच्या आईनं," म्हणाले. मग कपाकडे बघत, "तीन आठवडे तुम्ही मला रोज नमस्ते करत होत्या, मॅडम."

"हो."

"अन् तुम्हाले सारं माहीत होतं."

"हो. चुकलंच माझं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मुलीबद्दल बोलले, मी नवऱ्याबद्दल बोलले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी कुणाशी तरी न लपवता बोलत होते. निघताना आम्ही ठरवलं: मिलमध्ये दोघांनीही चकार शब्द काढायचा नाही. उत्तर काहीही असलं तरी ते पत्रानेच द्यायचं. कुणी पाहिलंच तर म्हणायचं, एकाच गाडीला होतो. आणि एकमेकांचं जे कळलं ते इथेच राहील. परतताना दोघांनी वेगवेगळ्या बस पकडल्या.

बारा दिवसांनी त्यांचं उत्तर पोस्टाने आलं. त्या सकाळीही ते यादी ठेवून गेले होते. नकार होता. "तुमच्यात काही कमी नाही. पण दिवसभर ज्या भीतीला लपवून काम करतो, ती जिला ठाऊक आहे तिच्याच समोर दिवसभरही असायचं आणि घरीही, हे माझ्याच्यानं होणार नाही. मी अनोळखी माणसाला लिहिलं होतं. दोष माझा." मी पत्र दोनदा वाचलं, त्यांच्याच पाकिटात घातलं आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी आले. "मॅडम, घाई नाही." मी म्हटलं, "ठेवा." आवाज नीट निघाला, याचंच मला समाधान वाटलं.

मला वाटलं, संपलं. पण फोल्डिंग खात्यातल्या एका सुपरवायझरची सासुरवाडी बारडोलीची निघाली. एका दुपारी भर कॅन्टीनमध्ये, माझ्यादेखत, त्याने इंगळ्यांना हटकलं. "क्या इंगळे, दूसरे की औरत के साथ चाय? इसका आदमी मुंबई में कमाता है, और तुम इधर?"

इंगळे ठरल्याप्रमाणे म्हणाले, "एक ही बस में थे."

"बस में या हॉटेल में?"

इंगळ्यांना सुटायला एक वाक्य पुरेसं होतं. ही बाई घटस्फोटित आहे, तिनेच जाहिरात दिली होती, एवढं म्हटलं असतं तर सगळे माझ्याकडे वळले असते. ते बोलले नाहीत. सुपरवायझर म्हणाला, मॅनेजरसाहेबांना सांगतो, मग बघू. तरी ते खाली मान घालून बसून राहिले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मी उठले. "मेरा कोई आदमी नहीं है," मी म्हटलं. "मेरा तलाक हुआ है. पाँच साल हो गए. मैंने सब से झूठ बोला. इंगळेजी को मैंने बुलाया था, शादी की बात के लिए. बात नहीं बनी. अब किसको क्या पूछना है, मुझे पूछो."

मी हात धुतले आणि टेबलावर जाऊन टायपिंगला बसले. त्या दिवशी पंधरा चुका झाल्या.

मॅनेजरांनी बोलावलं, काम नीट करा म्हणाले, एवढंच. दोन-तीन बायकांनी डबा घेऊन दुसरं टेबल धरलं. बसमध्ये माझ्या शेजारची जागा बरेच दिवस रिकामी असायची. हंसाबेन मात्र खाखरा पुढे करून म्हणाली, "पहेलां कहेवुं हतुं ने!" आधी सांगायचं होतंस ना. खरंच, आधी सांगायला हवं होतं. पोत मी त्याच आठवड्यात काढून ठेवली. गळा हलका झाला म्हणतात तसं काही झालं नाही. नुसता उघडा वाटला.

इंगळे पुढे चार वर्षं मिलमध्ये होते. डोळ्याचं त्यांनी एक दिवस स्वतःच मॅनेजरांना सांगितलं आणि स्टोअरला बदली मागून घेतली. मुलीला शाळेसाठी आणण्यापेक्षा तेच गावी परत गेले. शेवटच्या दिवशी टेबलाशी आले, कागद नव्हता हातात. "त्या दिवशी तुम्ही उठल्या," म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही. मग म्हणाले, "येतो, मॅडम." मी म्हटलं, "या." नंतर पत्र नाही. मी तरी कुठे लिहिलं?

तू मागे विचारलंस, ताई, तू दुसरं लग्न का केलं नाहीस, आणि एकटीच आहेस तर घरी का येत नाहीस. पहिल्याचं उत्तर वर लिहिलं, आहे तेवढंच. उरलेली तीन पत्रं मी उघडलीच नव्हती. दुसऱ्याचं अवघड आहे. आईच्या तेराव्याला आले होते तेव्हा काकूने विचारलं, "घर कवय जाशी?" घरी कधी जाणार? तिला सुरतच म्हणायचं होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही, तेव्हाच मला कळलं, माझं घर आता तिथेच.

आता गोडादऱ्यात माझी स्वतःची खोली आहे, दारावर माझंच नाव आहे. या गल्लीत मी कोण आहे ते सगळ्यांना खरं खरं माहीत आहे, आणि तरी ते मला हळदीकुंकवाला बोलावतात. संध्याकाळी दार उघडते तेव्हा सकाळी जिथे ठेवला तिथेच कप असतो. मध्ये कुणी तो हलवलेला नसतो. काही दिवस हेच बरं वाटतं, मंगल. काही दिवस दिवा न लावता मी तशीच बसून राहते.