पुढची रजा

मिना राठोड ही उपकेंद्राची नर्सबाई. गोरेगावकडच्या तांड्यातली लेक आणि नोकरी सिद्धेश्वर धरणाकाठच्या गावांत. अकरा वर्षांत तिनं किती गरोदर बायकांची कार्डं भरली याला गणती नाही. अमकी सातव्यात माहेरी गेली, तमकी आठव्यात, असं नोंदवहीत लिहिताना तिला तांड्यातली याडी, म्हणजे आई, आठवायची. आपणही महिनाभर तिच्या हातचं खात तिच्याजवळ पडून राहावं, याची तिला फार ओढ होती. पण याआधी दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यातच घात झाला.

यंदा पाचवा लागला तशी तिनं जुलैतच प्राथमिक आरोग्य केंद्रात अर्ज दिला. अपेक्षित प्रसूती सतरा डिसेंबर. प्रसूती रजा एक डिसेंबर ते एकोणतीस मे, एकशे ऐंशी दिवस. तिला जोडून आधी नोव्हेंबरचे तीस दिवस अर्जित रजा मिळावी. पुरावा म्हणून स्वतःचं गरोदरपणाचं कार्ड.

आस्थापनेचा कारकून प्रेमानंद ते कार्ड उलटंसुलटं करून पाहत राहिला.

"सिस्टर, तपासणी कुणी केली?"

"मीच."

"आन् सही?"

"माझीच की."

"वा! पेशंटबी तुमी, नर्सबी तुमीच. तसं चालत न्हाई, डॉक्टरचं प्रमाणपत्र लागते." मग त्यानं रजेचं खातं उघडलं. "साठ दिवस शिल्लक हायेत. आधीचे तीस जोडले, नंतरचे काहून न्हाई?"

"नंतरचं नंतर बघू."

तिच्या दोन्ही गर्भपात रजा सेवापुस्तकात त्यानंच नोंदवल्या होत्या. त्यानं खातं मिटून ठेवलं.

डॉक्टर शीतल मॅडमनी कार्ड पाहिलं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, सगळं जागच्या जागी. बाळाच्या ठोक्यांचा रकाना तेवढा कोरा.

"हे राहिलं का, मिनाताई?"

"राहिलं न्हाई मॅडम. ऐकायची हिंमतच झाली न्हाई."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावभरच्या बायकांना ठोके ऐकवणारी ही बाई उपकेंद्राचं दार लावून तीनदा यंत्र हातात घेऊन बसली आणि तिन्ही वेळा तिनं ते पुसून ठेवून दिलं.

मॅडमनी तिला टेबलावर निजवलं. आधी नुसती खरखर. मिनानं डोळे मिटून घेतले. मग लगबगीचे, बारीक ठोके येऊ लागले. सवयीनं ती मोजायला लागली, चाळिसाच्या पुढे आकडा हरवला आणि तिला रडू फुटलं. मॅडमनी यंत्र लवकर उचललं नाही.

तारीख तिची बरोबरच निघाली. प्रमाणपत्र घेऊन ती प्रेमानंदच्या टेबलाशी आली आणि आपला अर्ज परत मागून घेतला. शेवटच्या ओळीखाली तिनं लिहिलं: प्रसूती रजेला जोडून तीस मे ते अठ्ठावीस जून, अर्जित रजा तीस दिवस.

"कारण लिहा," प्रेमानंद हळूच म्हणाला.

तिनं जरा वेळ पेन धरून ठेवलं. मग लिहिलं, "माझं बाळ लहान असल्यामुळे."